इसब की सोरायसिस? उपचाराआधी या चुका टाळा

कोपरावर खाजणारा चट्टा उठला की त्याला सर्रास इसब म्हटलं जातं. पण सोरायसिसलाही खाज सुटते, त्यामुळे नुसत्या खाजेवरून आजार ठरवणं ही पहिली चूक.

लहानपणापासून येणाऱ्या इसबात, म्हणजे अटोपिक डर्माटायटिसमध्ये, त्वचेचं आवरणच कमकुवत असतं. अनेकांमध्ये फिलॅग्रिन हे प्रथिन कमी बनतं. मग आतला ओलावा उडून जातो आणि साबण, धूळ, जंतू आत शिरतात. त्यावर प्रतिकारशक्ती इंटरल्यूकिन-4 आणि 13 ही रसायनं सोडते, आणि ती फिलॅग्रिन आणखी घटवतात. जंतूंना मारणारी प्रथिनंही कमी पडतात. म्हणूनच इसब चिघळतं, त्यातून पाणी सुटतं. मधासारखी पिवळी खपली धरली तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी.

इथली नेहमीची चूक म्हणजे चट्टा गेला की मॉइश्चरायझर बंद करणं. त्वचा वरून बरी दिसली तरी आवरण गळकंच असतं. अंघोळीनंतर अंग टिपून लगेच, आणि दिवसातून निदान दोनदा लावत राहावं. अंगभर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला 500 ग्रॅमपर्यंत लागू शकतं. एवढीशी ट्यूब महिनाभर पुरवली तर गुण कसा येणार?

सोरायसिसमध्ये मुख्य जोर प्रतिकारशक्तीचा. इंटरल्यूकिन-23 आणि 17 यांच्या रेट्यामुळे त्वचेच्या पेशी महिन्याभराऐवजी काही दिवसांतच वर येतात. अर्धवट तयार पेशींचे थर साचून कडा स्पष्ट असलेला जाड चट्टा आणि रुपेरी पापुद्रे दिसतात. जंतुनाशक प्रथिनं मात्र इथे भरपूर असतात, म्हणून चट्टा सहसा चिघळत नाही. मॉइश्चरायझरने पापुद्रे मऊ होतात, पण आतला रेटा थांबत नाही.

सगळ्यात घातक चूक पुढची. समजा, चाळिशीतल्या एका माणसाच्या कोपरांवर असे चट्टे आहेत. इसब समजून तो स्टेरॉइडच्या गोळ्या घेतो, आठवड्यात त्वचा स्वच्छ होते आणि तो गोळ्या एकदम सोडतो. सोरायसिस असेल तर तो अशा वेळी दुप्पट जोराने उसळू शकतो. अंगभर पुवाच्या फोडांसारखे पुरळ येतात किंवा सगळी त्वचा लाल होऊन सोलवटते. अशी लक्षणं दिसली, सोबत ताप आला, तर थेट रुग्णालय गाठावं. गोळ्या आधीच सुरू असतील तर मात्र मनानेच बंद करू नयेत.

हा धोका टाळायचा तर या माणसाची टाळू, कानामागची जागा, बेंबी, कंबरेचा खालचा भाग आणि नखं आधी पाहायला हवी होती. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे किंवा सकाळी सांधे आखडणं सोरायसिसकडे बोट दाखवतं. मोठ्यांमध्ये कोपराच्या आतल्या खळगीत आणि गुडघ्यामागे पुसट कडांचा चट्टा, सोबत दमा किंवा सततच्या शिंका, हे इसबाकडे. सावळ्या त्वचेवर लाली जांभळट-तपकिरी दिसते, तेव्हा रंगापेक्षा कडा आणि जाडी बघावी. तळहात-तळपायांवर मात्र दोन्ही आजार हुबेहूब दिसू शकतात. तिथे त्वचारोगतज्ज्ञालाच दाखवावं, प्रसंगी त्वचेचा तुकडा तपासावा लागतो.