तीन लॅपटॉप, एक तक्ता आणि त्याच त्या चुका

मे-जून आला, दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्या मोबाइलवर तक्ते यायला लागतात. "काका, जरा पाहून सांगा नं, यातला कोणता घेऊ?" नागपुरातल्या अर्ध्या नातेवाइकांचे तक्ते मी तपासलेत. लॅपटॉप वेगवेगळे असतात, चुका मात्र त्याच.

सगळ्यात महागात पडते ती बेरीज. 2022 साली माझी भाची इंजिनीअरिंगला लागली. पोरीने मेहनतीने 19 ओळींचा तक्ता केला, प्रत्येक ओळीला पाचपैकी गुण दिले आणि खाली टोटल मारली. 'अ' लॅपटॉप तीन गुणांनी जिंकला. मी म्हटलं, थांब. तर म्हणते, "मामा, टोटल तर बरोबर आहे नं!" टोटल बरोबरच होती. पण ते तीन गुण आले होते रंगातून, फिंगरप्रिंटमधून आणि सोबत फुकट मिळणाऱ्या बॅगेतून. रॅमची ओळ होती अकरावी, बॅगेइतक्याच वजनाची.

तरी घेतला 'अ'च. तिसऱ्या वर्षाला अँड्रॉइड स्टुडिओ आणि सोबत एम्युलेटर सुरू केला की मशीन गोठायची. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी कायम 95 टक्क्यांच्या वर. सीताबर्डीवर एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने खालचं झाकण उघडलं आणि बोटाने दाखवलं: रॅमच्या चिप्स थेट बोर्डावर डाग दिलेल्या, जास्तीचा स्लॉटच नाही. 8 जीबी घेतली होती, 8 जीबीच राहणार.

तेव्हापासून मी तक्त्याचे दोन भाग करतो. वर त्या ओळी, ज्या नंतर बदलता येत नाहीत किंवा ज्यांच्याशिवाय कामच होत नाही. तिथे गुण नाहीत. अट पूर्ण झाली नाही की तो स्तंभ सरळ खोडायचा. बाकी हौसेच्या ओळी खाली. बेरीज कुठेच नाही.

या वर्षी भाचीच्या धाकट्या भावासाठी केलेला तक्ता हा असा:

| निकष | अ | ब | क |
|---|---|---|---|
| रॅम (जीबी) | 8, बोर्डावर | 8, एक स्लॉट रिकामा | 16, बोर्डावर |
| छापील किंमत (रु.) | 52,000 | 56,000 | 58,500 |
| 16 जीबी करून किंमत (रु.) | शक्य नाही | 59,000 | 58,500 |
| बॅटरी (वॉट-अवर) | 42 | 50 | 50 |
| वजन (किलो) | 1.4 | 1.7 | 1.6 |

तिसरी ओळ पाहा. छापील किमतीत 'ब' हा 'क'पेक्षा अडीच हजारांनी स्वस्त दिसत होता. दुकानदाराने 8 जीबीच्या पट्टीचे बसवून तीन हजार सांगितले आणि तोच 'ब' पाचशेने महाग झाला. अशी ओळ कंपनीच्या पानावर तयार मिळत नाही, आपणच काढावी लागते.

स्लॉट आहे की नाही हे ओळखायला कंपनीच्या तपशीलपत्रात `Soldered` किंवा `SO-DIMM` शोधा. पहिला शब्द म्हणजे बोर्डावर, दुसरा म्हणजे स्लॉट. दोन्ही असतील तर थोडी बोर्डावर, थोडी स्लॉटमध्ये. `LPDDR` असेल तर बहुतेक वेळा बोर्डावरच. नुसतं `DDR4` वाचून काही कळत नाही, ती दोन्ही तऱ्हेने येते.

दुसरी डोक्यात जाणारी चूक म्हणजे चौकटीत "चांगली", "ठीक", "मस्त" असं भरणं. नाहीतर जाहिरातीतलं "10 तासांपर्यंत" जसंच्या तसं उतरवणं. ते तास प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने मोजते, कमी उजेडात एखादा व्हिडिओ चालवून वगैरे. दोन कंपन्यांचे तास शेजारी मांडले की तुलना होतच नाही. वॉट-अवर मांडा. प्रोसेसर आणि स्क्रीन साधारण एकसारखे असतील तर तो आकडा बराच खरं बोलतो. स्क्रीनचंही तसंच: "ब्राइट" नको, निट्स लिहा. आपल्याकडे भर दुपारी खिडकीशी बसून 250 निट्सच्या चमकदार काचेत स्वतःचंच तोंड दिसतं.

बाकी पटापट सांगतो. तिन्ही स्तंभांत एकच उत्तर असलेली ओळ उडवा. वरच्या तक्त्यात वायफायची ओळ त्यामुळेच नाही. नुसतं "आय-फाइव्ह" लिहू नका, पूर्ण नंबर लिहा: `i7-1165G7` मध्ये चार कोर आहेत, `i5-1235U` मध्ये दहा. लॅपटॉपचाही पूर्ण मॉडेल नंबर हवा, एकाच नावाखाली वेगवेगळ्या रॅमचे प्रकार विकतात. एकक ओळीच्या नावात लिहा, प्रत्येक चौकटीत नको. माहिती मिळाली नाही तर प्रश्नचिन्ह टाका. रिकामी चौकट पुढच्या आठवड्यात "नाही" अशी वाचली जाते.

आणि दहा मिनिटांत यूट्यूब बघून तक्ता भरणाऱ्यांनी तो मला पाठवूच नये.

भाच्याने 'अ' खोडला आणि 100 ग्रॅम हलका म्हणून 'क' घेतला. मी 'ब' घेतला असता, पण बॅग त्याच्या खांद्यावर असणार आहे.