चिडलेल्या ग्राहकाची तक्रार दोन ओळींत परत सांगताना या चुका टाळा

वॉशिंग मशीन, फ्रिज, मिक्सरच्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मी बरीच वर्षं काढली. समोरचा माणूस तापलेला असेल तर उत्तर द्यायच्या आधी त्याचीच तक्रार दोन ओळींत त्याला परत सांगायची, हे नव्या मुलांना आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवतो. मुलं ते लगेच करायला लागतात आणि निम्म्या वेळा माणूस आणखी चिडतो. असं का होतं ते एका प्रसंगावरून सांगते.

सोमवारची सकाळ. एक शिक्षिका काउंटरवर आल्या. मशीन फ्रंट लोड, खालून पाणी येतंय. मंगळवारी आमच्या टेक्निशियनने दाराचं रबर बदललं, गुरुवारी पाणी परत आलं. शनिवारी दहा ते एकची वेळ दिली होती. बाईंनी हाफ डे टाकला, एकपर्यंत घरी थांबल्या, कोणी आलं नाही. दुपारी मोबाइलवर मेसेज आला की तक्रार बंद केली आहे. हे सगळं त्या एका दमात बोलल्या, आणि काउंटरवरचा नवा मुलगा शिकवल्याप्रमाणे म्हणाला, “मॅडम, म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे की मशीनला लीकेज इश्यू आहे आणि व्हिजिट मिस झालीय.”

बाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या, “म्हणणं काय म्हणणं? पाणी खालच्यांच्या छतातून टपकतंय!”

“तुमचं म्हणणं असं की…”

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मराठीत “तुमचं म्हणणं”, “तुमच्या म्हणण्याप्रमाणे” असं म्हटलं की मागून “पण खरं काय ते बघू” हे न बोलताही ऐकू येतं. कोर्टात आणि भांडणात आपण हे शब्द असेच वापरतो. मुलाच्या मनात शंका नव्हती, वाक्यात होती. ती सुरुवात काढून टाका आणि घडलेलं सरळ सांगा: “रबर मंगळवारी बदललं, गुरुवारी पाणी परत आलं.”

मग प्रश्न येतो की जे आपल्याला माहीत नाही ते कसं सांगायचं? ग्राहक म्हणतो, “तुमच्या माणसाने साडेआठशे रुपये घेतले आणि पावती दिली नाही.” आपण जसंच्या तसं म्हटलं तर चौकशीआधीच सहकाऱ्यावर ठपका ठेवल्यासारखं होतं, आणि “तुमचं म्हणणं” म्हटलं तर ग्राहक खोटा ठरतो. अशा वेळी ग्राहकाच्या बाजूने जेवढं दिसतं तेवढंच सांगायचं: “तुम्ही साडेआठशे रुपये दिलेत आणि पावती तुमच्या हातात नाही.” यात चूक कबूल केलेली नाही आणि शंकाही घेतलेली नाही.

आपल्या ऑफिसची भाषा

“लीकेज इश्यू”, “व्हिजिट मिस”, “कॉल पेंडिंग” हे शब्द आपल्या जॉब कार्डावरचे. बाईंच्या घरात इश्यू नव्हता, पाणी होतं. ग्राहकाने वापरलेला शब्द उचलायचा: तो “घुर्र आवाज” म्हणाला तर आपणही “घुर्र आवाज”च म्हणायचं.

“व्हिजिट मिस झाली” या वाक्यात कोणी काही केलंच नाही, ते आपोआप झालं. आपल्या बाजूने जे घडलं असल्याची खात्री आहे, तिथे कर्ता घाला: “आमचा माणूस आला नाही.” शनिवारची वेळ आणि ती चुकल्याची नोंद मला स्क्रीनवर दिसत होती, मग ती लपवायची कशाला?

मी पुढे झाले आणि म्हणाले, “रबर बदलूनही दोन दिवसांत पाणी परत आलं. शनिवारी तुम्ही हाफ डे घेऊन एकपर्यंत थांबलात, आमचा माणूस आला नाही, आणि वर तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला. बरोबर ना? काही राहिलं का?”

पहिल्या ओळीत वस्तूचं काय झालं, दुसऱ्या ओळीत माणसाला काय सोसावं लागलं. ती दुसरी ओळ बहुतेक जण गाळतात, आणि राग बहुधा तिथेच असतो.

बाई म्हणाल्या, “राहिलं ना. खालच्या वहिनी रोज दारात येऊन उभ्या राहतात. मी काय सांगू त्यांना?” आवाज मात्र खाली आला होता. मी म्हणाले, “हे माझं राहिलं होतं,” आणि त्यांच्यासमोर कार्डावर लिहिलं: खालच्या घराचं छत ओलं.

ग्राहकाने दुरुस्ती केली की नवी मुलं घाबरतात. घाबरू नका. तो आता भांडत नसून आपल्याबरोबर तक्रार नीट लिहून घेतोय. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये वाद शांत करण्यासाठी एक नियम सुचवला होता: समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल असं मांडल्याशिवाय स्वतःचं बोलायचं नाही. कसोटी समोरच्याच्या समाधानाची आहे. म्हणून “बरोबर ना?” विचारल्यावर खरोखर थांबायचं. “हो ना!” आलं की पुढे जायचं. “अहो, मी काय सांगतेय…” आलं तर आपल्या दोन ओळी चुकल्या, पुन्हा ऐकायचं.

घाई, आणि शेवटी “पण”

माणूस पहिल्यांदा सगळं सांगत असताना मध्ये तोंड घालू नका. तो गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला की समजायचं, सांगून झालंय. तेव्हा बोलायचं. फोनवर चेहरा दिसत नाही, त्यामुळे तिथे आणखी एक श्वास थांबायचं.

आणि दोन ओळींना “पण” जोडू नका. “तुम्ही एकपर्यंत थांबलात, पण शनिवारी स्टाफ कमी होता” म्हटलं की पहिलं अर्धं वाक्य पुसलं जातं. कारण सांगायचंच असेल तर ते त्याने विचारल्यावर, वेगळ्या वाक्यात.

बाई बसल्यावर मी विचारलं, “पाणी भरताना येतं की सोडताना?” त्यांनी क्षणभर आठवलं आणि म्हणाल्या, “सोडताना.” म्हणजे दाराच्या रबरापेक्षा ड्रेन पाइप किंवा पंपाच्या झाकणाकडे संशय जात होता. हा प्रश्न मंगळवारी कोणी विचारलाच नव्हता, आणि तापलेल्या माणसाला विचारून त्याचं उत्तर मिळतही नाही.

जिथे हे करायचंच नाही

मशीनला हात लावल्यावर झटका बसतोय, वायर जळल्याचा वास येतोय, असं ऐकलं की दोन ओळी बाजूला ठेवा. आधी मेन स्विच बंद करायला सांगा, मशीनला हात लावू देऊ नका.

दुसरी जागा म्हणजे तिसरी फेरी. आधी दोघांनी तक्रार छान परत सांगितली आणि काम झालं नाही, तर तिसऱ्याच्या तोंडून तीच ऐकताना माणसाला चेष्टा वाटते. तिथे एकच वाक्य पुरे: “कार्डावर सगळं लिहिलेलं आहे, तुम्हाला परत सांगावं लागणार नाही.” आणि लगेच वेळ, टेक्निशियनचं नाव, नंबर. त्यासाठी त्या दोन ओळी पहिल्याच दिवशी ग्राहकाच्या शब्दांत कार्डावर उतरवलेल्या असाव्या लागतात. बाईंच्या कार्डावर मी लिहिलं होतं, “पाणी सोडताना गळतं. शनिवारी हाफ डे वाया. खालचं छत ओलं.” दुसऱ्या दिवशी गेलेल्या टेक्निशियनने दारातच विचारलं, “सोडताना गळतं ना?” ड्रेन पाइपला वळणावर चीर गेलेली सापडली.