हजेरीपटाचा फोटो, पाच जणांची समिती आणि किरण मुलगा की मुलगी

एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या वर्षाला असताना मी नागपूरच्या नंदनवनमध्ये अकरावी-बारावीच्या पोरांचे डाऊट सोडवायचे, त्यातला हा एक. जे नुकतेच प्रोबॅबिलिटीला लागलेत किंवा दुसऱ्याला शिकवायला बसलेत त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते, कारण या एका गणितात नवशिक्या माणसाच्या जवळपास सगळ्या चुका मला एकत्र सापडल्या.

रात्री साडेनऊला एका मुलाचा फोटो आला. वर्गाच्या हजेरीपटाचा, थोडा तिरका काढलेला, खाली पेनाने प्रश्न लिहिलेला. या यादीतून स्नेहसंमेलनासाठी ५ जणांची समिती चिठ्ठ्या काढून निवडायची, काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची नाही. (अ) समितीत नेमक्या २ मुली असण्याची संभाव्यता किती, (आ) किमान २ मुली असण्याची किती. फोटोच्या खाली त्याचा मेसेज, "ताई, किरणला मुलगा धरलं तरी अन् मुलगी धरलं तरी (अ) चं उत्तर सेमच येऊन राहिलं, अन् (आ) तर एकाच्या वर जाऊन राहिलं, काऊन?"

आधी मोजणी, कारण गणित तिथेच बिघडतं. शेवटचा रोल नंबर २६ होता म्हणून वर्गात २६ पोरं असं धरलं की संपलं. नीट बघितलं तर एका नावावर आडवी रेघ मारून बाजूला टीसी लिहिलेलं होतं आणि ११ नंबरची ओळ रिकामीच होती, म्हणजे डब्यात चिठ्ठ्या पडणार २४. फोटोतून मोजताना मी आता रोल नंबर वाचतच नाही, नावावर बोट ठेवून मोजते आणि फोटोची खालची कड कापली गेली नाही ना ते पाहते. तुम्ही २६ धरले आणि त्यात मुली ९ धरल्या तर (अ) चं उत्तर ०.३७२ येतं, खरं येतं ०.३८५. दोन्ही दिसायला इतके सारखे की उत्तराकडे पाहून चूक कळणारच नाही, ती मोजणीतच पकडावी लागते.

दुसरं म्हणजे यादीत मुलगा-मुलगी असा कॉलम नव्हता. आपल्याकडच्या हजेरीत आडनाव पहिले, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, त्यामुळे घाईत शेवटचा शब्द वाचला तर सगळा वर्गच मुलांचा वाटतो! मधलं नाव वाचत गेलो तर ९ मुली नक्की, १४ मुलं नक्की, आणि एक किरण. किरण दोन्हीकडे चालतं. आपण आधी किरणला मुलगा धरू, म्हणजे ९ मुली, १५ मुलं.

आता (अ). समितीत कोण अध्यक्ष कोण सचिव असं काही नाही, नुसती पाच नावं, म्हणून क्रम नाही आणि कॉम्बिनेशन लागतं. २४ मधून ५ जणांचे एकूण ४२५०४ गट होतात आणि चिठ्ठ्या नीट कालवल्या असतील तर प्रत्येक गट निघायची शक्यता सारखीच. त्यातले आपल्या कामाचे किती? ९ मधून २ मुली आणि १५ मधून ३ मुलं. मुलींचा प्रत्येक जोड मुलांच्या प्रत्येक तिकडीबरोबर जाऊ शकतो म्हणून गुणाकार.

```
9C2 × 15C3 / 24C5
= 36 × 455 / 42504
= 16380 / 42504 = 0.385
```

यालाच हायपरजिओमेट्रिक म्हणतात, नाव मोठं आहे पण आत एवढंच आहे. वर लिहिलेल्या दोन गटांची बेरीज खालच्याशी जुळली पाहिजे, ९ आणि १५ मिळून २४, २ आणि ३ मिळून ५. ही बेरीज जुळत नसेल तर पुढे जायचंच नाही, ही सवय मी प्रत्येकाला लावते, आणि (आ) मध्ये ही बेरीज अर्धीच तपासली तर कशी फसवते ते पुढे येतंच.

बरेच जण इथे बायनॉमिअल लावतात. मुलगी यायची शक्यता ९/२४ धरून पाच वेळा तेच वापरतात, उत्तर येतं ०.३४३. पण त्याचा अर्थ असा की प्रत्येक वेळी चिठ्ठी परत डब्यात गेली, म्हणजे एकच मुलगी समितीत दोनदा बसू शकते. इथे पहिली मुलगी निघाली की दुसऱ्या वेळी २३ मध्ये ८ च मुली उरतात, प्रत्येक चिठ्ठीने डबा बदलतो. हाच प्रश्न २४०० पोरांच्या कॉलेजवर असता, ९०० मुली, तरीही ५ च जण निवडायचे, तर दोन्ही पद्धतींतला फरक चौथ्या दशांश स्थळावर गेला असता, तिथे बायनॉमिअल चालून जातं. २४ च्या वर्गात नाही चालत.

एकेक चिठ्ठी काढत गेलं तरी उत्तर तेच येतं, ९/२४ गुणिले ८/२३ गुणिले १५/२२ गुणिले १४/२१ गुणिले १३/२०. हे ०.०३८५ येतं आणि पोरं घाबरतात की दहा पटीने कमी कसं आलं. कारण हा फक्त "आधी दोन मुली मग तीन मुलं" या एका क्रमाचा हिशोब झाला, पाच जागांपैकी मुलींच्या दोन जागा १० प्रकारे ठरतात, तो १० गुणायचा राहिला.

आता किरणवर येऊ. किरण मुलगी असेल तर १० मुली, १४ मुलं. १० मधून २ म्हणजे ४५, १४ मधून ३ म्हणजे ३६४, गुणाकार १६३८०. अगदी तोच आकडा. खरं सांगते, मलाही आधी वाटलं याने कॅल्क्युलेटरवर जुनंच उत्तर पुन्हा पाहिलं असणार, मग मी वहीवर केलं तर पोरगा बरोबर होता आणि मला त्या रात्री झोप लागेना. कारण शोधायला गेले तर फार सुंदर निघालं. मुली वाढवत गेलं की "नेमक्या २" ची शक्यता आधी वाढते, मग कमी होते, कारण मुली फारच कमी असतील तर दोन मिळणं अवघड आणि फार असतील तर दोनवर थांबणं अवघड. मधे कुठेतरी शिखर असतं. ९ वरून १० वर जाताना मुलींचे जोड ३६ चे ४५ होतात म्हणजे १.२५ पट, आणि मुलांच्या तिकड्या ४५५ च्या ३६४ होतात म्हणजे ०.८ पट, १.२५ गुणिले ०.८ बरोबर १. शिखर सपाट आहे आणि त्याची दोन टोकं ९ आणि १०. कुठल्याही वर्गासाठी शिखर शोधायचं असेल तर एकूण संख्येत १ मिळवा, समितीतल्या मुलींनी गुणा, समितीच्या आकाराने भागा. इथे २५ गुणिले २ भागिले ५ म्हणजे १०. उत्तर पूर्ण संख्या आली की ती आणि तिच्या आधीची अशा दोघी बरोबरीत असतात, अपूर्णांक आला तर त्याच्या आतली पूर्ण संख्या एकटीच शिखरावर.

उलट बाजूने वाचलं तर हाच अंदाज बांधायचा हिशोब होतो. यादी हरवली, फक्त ५ जणांची समिती दिसते आणि तिच्यात २ मुली आहेत, तर २४ च्या वर्गात मुली किती असाव्यात? सगळ्यात पटणारं उत्तर ९ किंवा १०. पुढे एमएस्सीला मॅक्झिमम लाइकलीहूड शिकताना मला हा हजेरीपटच आठवायचा.

(आ) मध्ये त्या मुलाने केलं ते जवळपास प्रत्येक जण एकदा तरी करतो. किमान २ मुली पाहिजेत ना, मग आधी ९ मधून २ मुली बसवून टाकू आणि उरलेल्या २२ मधून कोणतेही ३ घेऊ. २ आणि ३ मिळून ५ जुळतात म्हणून संशय येत नाही, पण ९ आणि २२ मिळून ३१ होतात, २४ नाही, ती बेरीज कोणी तपासतच नाही. मग ३६ गुणिले १५४० म्हणजे ५५४४०, आणि एकूण गटच ४२५०४, भागाकार १.३०. नशीब की एकाच्या वर गेलं, दुसऱ्या आकड्यांत हीच चूक ०.७-०.८ वर लपून बसते.

झालं काय, तर समितीत अ, ब, क अशा तीन मुली आल्या की "आधी बसवलेल्या दोन" म्हणून अब, अक, बक असे तिन्ही जोड मोजले गेले, म्हणजे एकच समिती तीनदा. चार मुलींची समिती ६ वेळा, पाचही मुलींची १० वेळा. मी त्याला फोनवर प्रत्येक प्रकार वेगळा काढायला लावला:

```
0 मुली :  3003
1 मुलगी: 12285
2 मुली : 16380
3 मुली :  8820
4 मुली :  1890
5 मुली :   126
एकूण   : 42504
```

मग म्हटलं, आता ८८२० तीनदा, १८९० सहा वेळा, १२६ दहा वेळा घे आणि १६३८० मध्ये मिळव. थोडा वेळ शांतता, मग तिकडून आवाज, "ताई, ५५४४०!" चुकीचा आकडाच पुन्हा सापडला की ती चूक माणूस परत करत नाही, नुसतं "असं करू नको" म्हणून ते होत नाही.

बरोबर रस्ता म्हणजे पहिल्या दोन ओळी वजा करायच्या. ४२५०४ वजा १५२८८, उरले २७२१६, संभाव्यता ०.६४०. एक्सेल शीटवर तपासायचं असेल तर शेवटी `TRUE` लिहिलं की "तिथपर्यंतची" बेरीज मिळते, म्हणून २ नाही, १ टाकायचा:

```
=1-HYPGEOM.DIST(1,5,9,24,TRUE)
```

यातला क्रम असा, किती मुली, समिती केवढी, वर्गात मुली किती, वर्ग केवढा. २ टाकला तर २ मुलींच्या समित्याही वजा होतात आणि उत्तर ०.२५५ वर येतं, ते "दोनपेक्षा जास्त" चं उत्तर आहे.

आणि इथे किरणने फरक पडतो. किरण मुलगी असेल तर पहिल्या दोन ओळी २००२ आणि १००१० होतात, किमान दोनची संभाव्यता ०.७१७. शिखर सपाट होतं ते फक्त "नेमक्या २" साठी. म्हणून मी त्याला वहीत दोन्ही उत्तरं लिहायला लावली, प्रत्येकाच्या वर काय धरलं ते एका ओळीत, आणि सांगितलं की सरांना विचार. दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला, किरण मुलगा आहे, ०.६४०.