पेशंटच्या घरच्यांची टीबी तपासणी : वहीतल्या नोंदींवरून ट्रॅकिंग लिस्ट करायच्या आधी काय काय जमवायचं

घरभेटीच्या वहीत माझी एक नोंद अशी होती, "घरी ६ जण. आजी खोकला. बाकी नॉर्मल. पोरांना गोळ्या सांगितल्या. सून ५ महिने. दीर पुण्याला." लिहिताना सगळं डोक्यात असतं हो, पण १५ दिवसांनी यातून लिस्ट करायला बसलं की कळतं, "नॉर्मल" म्हणजे लक्षणं विचारली की एक्स-रे झाला, काहीच आठवत नाही.

आधी पेशंटचा कागद समोर घ्या, घरच्यांचा नंतर. सरकारी टीबी पोर्टलवरचा निक्षय आयडी, टीबी फुप्फुसाचा आहे का, बेडका तपासून पक्का झालाय का, औषध कधी सुरू झालं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड या टीबीच्या औषधांपैकी कशाला रेझिस्टन्स आहे का. बेडक्याच्या ट्रूनॅट टेस्टच्या रिपोर्टवर रिफॅम्पिसिनचं कळतं, आयसोनियाझिडचं वेगळ्या टेस्टवर येतं आणि उशिरा येतं, म्हणून हा रकाना लिस्टच्या अगदी वर ठेवा. पेशंटच्या जंतूला आयसोनियाझिड लागू पडत नसेल तर घरच्यांना टीबी होऊ नये म्हणून तीच गोळी देऊन काय उपयोग, मग डॉक्टरांनाच वेगळा कोर्स ठरवावा लागतो.

मग माणसं मोजा. पेशंट धरून ६ की सोडून ६? माझ्या नोंदीत पेशंट धरून होते, म्हणजे तपासायचे ५. औषध सुरू व्हायच्या आधीच्या ३ महिन्यांत जो कोणी त्या घरात राहिला झोपला तो धरायचा, त्यामुळे पुण्याला नोकरीला असलेला पण दर शनिवारी घरी येणारा दीरही लिस्टमध्ये येतो. एका माणसाला एक ओळ, "पोरं" अशी एक ओळ अजिबात नको कारण ३ वर्षांच्या आणि ८ वर्षांच्या पोराचं गणित वेगळं आहे.

आता खरी मेख. टेस्टच्या रकान्यात "नाही" लिहायचंच नाही. "नाही" म्हणजे गरज नाही, की केली नाही, की सॅम्पल गेलंय रिपोर्ट नाही, की निगेटिव्ह? हे चारही शब्द वेगवेगळे लिहा आणि शेजारी तारीख. दीराचंच बघा, त्याला सोमवारी संध्याकाळी हातावर लागण दाखवणारी सीवाय-टीबी टेस्ट दिली, ती ४८ ते ७२ तासांत वाचायची असते, म्हणजे बुधवार संध्याकाळ ते गुरुवार संध्याकाळ, आणि हा बाबा मंगळवारी रात्रीच्या एसटीने गेला पुण्याला. फोनवर म्हणाला, "ताई, काय सुजलं नाही हो." मी पटकन निगेटिव्ह लिहिणार होते. पण हातावरची सूज हात लावून, पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायची असते, फोनवरून नाही, तेव्हा लिहिलं "दिली, वाचली नाही, परत करायची". तेव्हापासून टेस्ट देण्याआधीच विचारते, परवा-तेरवा घरी आहात ना.

३ वर्षांच्या मुलाला खोकला, ताप, वजन न वाढणं, खेळणं कमी होणं यातलं काही नाही आणि डॉक्टरांनी तपासून टीबी नाही असं सांगितलं, की ५ वर्षांखालच्याला लागण दाखवणारी टेस्ट लागत नाही, तिथे "गरज नाही". वजन मात्र तारखेसकट लिहा, डोस वजनावर ठरतो, रोजच्या आयसोनियाझिडचा लहान मुलांना किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे १२ किलोला साधारण १२०. ८ वर्षांच्या मुलीला लक्षणं नाहीत, एक्स-रे साफ, आमच्याकडे लागण दाखवणारी रक्ताची इग्रा टेस्ट होत नाही, मग "उपलब्ध नाही" लिहायचं आणि टेस्टची वाट बघत गोळी अडवायची नाही.

सून ५ महिन्यांची गरोदर, हे शेऱ्यात कोपऱ्यात नको, वयाच्या शेजारीच लिहा, कारण आठवड्यातून एकदाच्या १२ डोसवाल्या कोर्समध्ये रिफापेंटिन असतं आणि तो गरोदरपणात देत नाहीत. तिच्या ओळीत "रोजची ६ महिन्यांची गोळी द्यायची का, डॉक्टरांना विचारायचं" आणि तारीख.

गोळीच्या रकान्यात "चालू" लिहून काही कळत नाही. "सांगितली", "हातात दिली", "पहिला डोस अमुक तारखेला" हे तीन टप्पे वेगळे आहेत. मी "पोरांना गोळ्या सांगितल्या" लिहिलं होतं, जाऊन बघितलं तर पाकीट फडताळात तसंच, आईला वाटलं खोकला आला की द्यायची. आता डोस मोजून लिहिते, आठवड्याच्या कोर्सला १२ पैकी किती आणि रोजच्याला पाकिटात उरलेल्या गोळ्या मोजून.

राहिली आजी. खोकला आहे, त्यात शुगर, तिची प्रतिबंधाची गोळी थांबवूनच ठेवायची, कारण आत खरोखर टीबी असेल आणि एकटं आयसोनियाझिड दिलं तर जंतू त्या औषधाला पक्का होतो. तिच्या ओळीत सध्या एवढंच आहे : बेडका मंगळवारी गेला, एक्स-रे शुक्रवारी नातीबरोबर, गोळी थांबवली, रिपोर्ट शनिवारी विचारायचा.