केएमपीच्या नोंदी: सीएफओ बदलताना या चुका टाळा

कंपनीचे प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी, म्हणजेच ज्यांना कार्यालयात सगळे केएमपी म्हणतात, ते कोण आहेत हे कंपनीत प्रत्येकाला माहीत असते. अडचण अशी की कागदोपत्री ही माहिती एकाच ठिकाणी नसते. नोंदणीकृत कार्यालयातील रजिस्टर, कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे भरलेला फॉर्म, वार्षिक विवरणपत्र, संचालक मंडळाचा अहवाल आणि ताळेबंदाच्या टिपा अशा पाच ठिकाणी तीच नावे येतात. माणसे तीच राहतात तोवर पाचही ठिकाणे जुळतात आणि कोणाचे लक्ष जात नाही, पण एक अधिकारी गेला आणि दुसरा आला की फट पडते. ही फट बहुधा सीएफओ, म्हणजे मुख्य वित्तीय अधिकारी, बदलताना दिसते, म्हणून येथे तोच प्रसंग घेतला आहे.

आधी केएमपी कोण ते पाहू. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम २(५१) नुसार मुख्य कार्यकारी अधिकारी, व्यवस्थापकीय संचालक किंवा मॅनेजर, कंपनी सेक्रेटरी, पूर्णवेळ संचालक आणि सीएफओ हे केएमपी होत. त्यांच्याशिवाय संचालकांच्या लगत खालच्या एका पायरीपर्यंतचा, पूर्णवेळ नोकरीतील एखादा अधिकारी मंडळाने तसा नेमून दिला तर तोही या यादीत येतो. पदाची पाटी येथे उपयोगाची नाही. ‘व्हाइस प्रेसिडेंट, फायनान्स’ असे कार्ड छापलेला अधिकारी मंडळाने सीएफओ म्हणून नेमलेला नसेल आणि केएमपी म्हणूनही ठरवलेला नसेल, तर तो केएमपी नाही. उलट, एखाद्या खासगी कंपनीने कायद्याची सक्ती नसतानाही ठराव करून सीएफओ नेमला, तर तो केएमपी होतो आणि त्याची नोंद ठेवावी लागते. सक्ती कोणावर आहे, हा वेगळा प्रश्न आहे: शेअर बाजारात सूचीबद्ध असलेली प्रत्येक कंपनी आणि १० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेली प्रत्येक पब्लिक कंपनी यांना कलम २०३ प्रमाणे पूर्णवेळ केएमपी ठेवावेच लागतात. तेवढेच भांडवल असलेल्या खासगी कंपनीवर फक्त पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरीची सक्ती आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, इंदूरला नोंदणीकृत कार्यालय आणि पीथमपूरला कारखाना असलेली एक असूचीबद्ध पब्लिक कंपनी आहे आणि तिचे भरणा झालेले भांडवल १२ कोटी रुपये आहे. तिच्या सीएफओंनी २८ जून २०२४ रोजी राजीनाम्याचे पत्र दिले आणि नोटिशीचा काळ पुरा करून ३१ जुलै २०२४ रोजी ते कार्यमुक्त झाले. मंडळाच्या ८ नोव्हेंबरच्या सभेत नव्या सीएफओंची १८ नोव्हेंबरपासून नेमणूक झाली. लेखा विभागाचे म्हणणे असे की, “नवे साहेब रुजू झाले की दोघांचे एकदमच भरून टाकू.” त्यानुसार सगळे फॉर्म १० डिसेंबरला भरले गेले.

पहिली चूक याच वाक्यात आहे. कलम १७० प्रमाणे केएमपीची नेमणूक आणि त्यातला कोणताही बदल तीस दिवसांच्या आत फॉर्म DIR-12 ने रजिस्ट्रारकडे, म्हणजे मध्य प्रदेशच्या कंपन्यांच्या बाबतीत ग्वाल्हेरला, कळवावा लागतो. जाणे हाही बदलच आहे आणि त्याची मुदत येणाऱ्याची वाट पाहत थांबत नाही. जुन्या सीएफओंची मुदत ३० ऑगस्टला संपली होती, तेव्हा १० डिसेंबरपर्यंत १०२ दिवसांचा उशीर झाला. एक कोटी किंवा त्याहून अधिक भांडवलाच्या कंपनीसाठी फॉर्मचे साधे शुल्क ६०० रुपये आहे. नव्वद दिवसांहून जास्त आणि एकशे ऐंशी दिवसांपर्यंतच्या उशिराला त्याच्या दहापट, म्हणजे ६,००० रुपये अतिरिक्त शुल्क लागते. रक्कम लहान आहे, पण त्याबरोबर कलम १७० चा भंग झाल्याचे कागदावर येते आणि त्यासाठी कलम १७२ चा दंड वेगळा आहे. वेळेवर फक्त जाण्याचा फॉर्म भरायला कोणतीही अडचण नव्हती.

दुसरी चूक सूक्ष्म आहे आणि ती अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटते. नव्या सीएफओंचा DIR-12 नेमणुकीच्या तारखेपासून, म्हणजे १८ नोव्हेंबरपासून मोजला जातो, म्हणून १० डिसेंबरला तो वेळेत होता. परंतु केएमपी नेमण्याचा ठराव पब्लिक कंपनीला फॉर्म MGT-14 नेही कळवावा लागतो आणि त्याचे तीस दिवस ठराव मंजूर झाल्यापासून, म्हणजे ८ नोव्हेंबरपासून चालतात. तो फॉर्म ८ डिसेंबरला भरायला हवा होता. दोन दिवसांचा उशीर झाला आणि दुप्पट अतिरिक्त शुल्क पडले. ठराव आणि रुजू होण्याची तारीख यांत अंतर असेल तेव्हा दोन घड्याळे चालू आहेत असे धरूनच काम करावे.

ठरावाच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. रिकामी झालेली जागा सहा महिन्यांच्या आत भरावी लागते, त्यामुळे या कंपनीला ३१ जानेवारी २०२५ पर्यंत वेळ होता. पण ती मंडळाने सभेतच भरायची असते. संचालक वेगवेगळ्या गावी आहेत म्हणून फिरत्या ठरावावर सह्या घेऊन सीएफओ नेमल्याची प्रकरणे दिसतात. ती नेमणूक कलम २०३ च्या अटीत बसत नाही. ठरावात वेतनासह नेमणुकीच्या अटी असाव्या लागतात, हेही ‘अटी पत्राप्रमाणे’ असे लिहून उरकणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

तारखांचा घोटाळा बहुतेक वेळा राजीनाम्याच्या पत्रातून सुरू होतो. या कंपनीच्या रजिस्टरमध्ये पद सोडल्याची तारीख २८ जून लिहिली होती आणि फॉर्ममध्ये ३१ जुलै. सीएफओ हा नोकरदार असतो. नोकरीच्या अटींनुसार तो ज्या दिवशी कार्यमुक्त होतो ती खरी तारीख. संचालकाचे तसे नाही: त्याचा राजीनामा कंपनीला पत्र मिळाल्याच्या दिवसापासून किंवा पत्रात पुढची तारीख दिली असेल तर त्या तारखेपासून अमलात येतो. एकच माणूस पूर्णवेळ संचालक आणि सीएफओ असेल, तर त्याच्या दोन पदांच्या दोन तारखा येऊ शकतात आणि दोन्ही वेगवेगळ्या लिहाव्या लागतात.

रजिस्टरकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. कलम १७० चे हे रजिस्टर नोंदणीकृत कार्यालयातच असले पाहिजे. कारखान्यात किंवा सल्लागाराच्या कार्यालयात ठेवलेली वही चालत नाही. त्यात नाव, पत्ता, मंडळाच्या ठरावाची तारीख, नेमणुकीची तारीख, पद सोडल्याची तारीख आणि कारण ही माहिती येते. ज्याच्याकडे संचालक ओळख क्रमांक नाही त्याचा पॅन येतो आणि कंपनी सेक्रेटरीचा सदस्यत्व क्रमांकही येतो. एवढे बहुतेक जण भरतात. पुढचा भाग मात्र कोरा राहतो: त्या व्यक्तीकडे कंपनीचे आणि तिच्या होल्डिंग, उपकंपनी, भगिनी उपकंपनी किंवा सहयोगी कंपनीचे किती रोखे आहेत, ते कधी आणि किती किमतीला घेतले, कधी विकले, शिल्लक किती, डीमॅट आहेत की कागदी. नव्या सीएफओंकडे उपकंपनीचे शंभर शेअर असतील, तरी ते येथे यायला हवेत. रुजू होतानाच ही माहिती लेखी मागून घ्यावी, कारण नंतर ती कोणी आपणहून देत नाही. भागधारक कामकाजाच्या वेळेत हे रजिस्टर पाहू शकतो, त्याची प्रत मागू शकतो आणि ती तीस दिवसांच्या आत विनामूल्य द्यावी लागते. वार्षिक सर्वसाधारण सभेतही ते उघडे ठेवावे लागते. कोरे रकाने नेमके तेव्हाच उघडे पडतात.

वार्षिक विवरणपत्रात, म्हणजे MGT-7 मध्ये, केएमपींसाठी दोन तक्ते असतात: एकात वर्ष संपतानाची स्थिती आणि दुसऱ्यात वर्षभरातील बदल. आपल्या उदाहरणात ३१ मार्च २०२५ च्या तक्त्यात फक्त नवे सीएफओ येतील, तर बदलांच्या तक्त्यात जुन्यांचे जाणे आणि नव्यांचे येणे अशा दोन ओळी येतील. गेलेला माणूस वर्षअखेरीस नव्हताच म्हणून त्याला दोन्हीकडून वगळणे ही नेहमीची चूक आहे. वेतनाच्या भागातही एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचे त्यांचे वेतन दाखवावे लागते. संचालक मंडळाच्या अहवालातही वर्षात आलेल्या आणि गेलेल्या दोघांची नावे हवीत.

ताळेबंदाच्या टिपांशी ही यादी तंतोतंत जुळवण्याचा हट्ट मात्र करू नये. संबंधित पक्षांच्या टिपेत लेखा मानकाची व्याख्या चालते, कायद्याची नव्हे. नवे लेखा मानक इंड-एएस २४ लागू असलेल्या कंपनीत प्रत्येक संचालक, स्वतंत्र संचालकसुद्धा, प्रमुख व्यवस्थापकीय व्यक्ती ठरतो. जुने मानक १८ लागू असलेल्या कंपनीत केवळ संचालक आहे म्हणून बिगर-कार्यकारी संचालक तसा ठरत नाही. म्हणून टिपेतील यादी जशीच्या तशी उचलून MGT-7 मध्ये केएमपी म्हणून टाकली की स्वतंत्र संचालक चुकून केएमपी होऊन बसतात. अशा वेळी टिपेतील नावे आणि कायद्यातील नावे यांत फरक का आहे, याची एक ओळ फाइलमध्ये लिहून ठेवणे पुरेसे आहे.

इंदूरसारख्या ठिकाणी, जिथे भावाभावांच्या दोन-तीन कंपन्या एकाच इमारतीतून चालतात, तिथे सीएफओ किंवा कंपनी सेक्रेटरी ‘दोन्हीकडे पाहतो’ असे सर्रास असते. कलम २०३ प्रमाणे अशा पूर्णवेळ केएमपीला दुसऱ्या कंपनीत तेच पद एकाच वेळी घेता येते ते केवळ ती कंपनी पहिलीची उपकंपनी असेल तर. भागधारक तेच कुटुंब आहे, पण एका कंपनीचे दुसरीत नियंत्रण नाही, अशा कंपन्या उपकंपन्या होत नाहीत. ही चूक सापडायला तपासणीसाला बाहेर पडावे लागत नाही: कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर दोन्ही कंपन्यांच्या मास्टर डेटामधील स्वाक्षरीकर्त्यांची यादी शेजारी ठेवली की तेच नाव दोनदा दिसते.

भरलेल्या DIR-12 मध्येच तारीख किंवा पद चुकले असेल, तर रजिस्टरमध्ये खाडाखोड करून ते फॉर्मशी जुळवणे हा उपाय नव्हे. आधी मूळ ठराव, नेमणूकपत्र आणि कार्यमुक्तीचे पत्र पाहून खरी तारीख ठरवावी. आपोआप नोंदला गेलेला फॉर्म सदोष आढळल्यास रजिस्ट्रार त्याला सदोष ठरवू शकतो आणि मग कंपनीला शुल्क व अतिरिक्त शुल्क भरून नवा फॉर्म द्यावा लागतो. त्यासाठी ग्वाल्हेरच्या कार्यालयाकडे कारणांसह आणि कागदपत्रांच्या प्रतींसह अर्ज करावा. हे वार्षिक विवरणपत्र भरण्याआधी झाले तर बरे, कारण चुकीची तारीख MGT-7 मध्येही गेली की दोन फॉर्म दुरुस्त करावे लागतात.