ऐनवेळच्या रजेसाठी राखीव सिस्टर

सकाळी सातला फोन येतो, ‘मॅडम, ताप आहे, येत नाही.’ मग रात्रपाळीच्या सिस्टरलाच थांबवलं जातं. त्यापेक्षा मागच्या सहा महिन्यांचं हजेरीपुस्तक काढा. सकाळपाळीला बहुतेकदा दोघी ऐनवेळी गैरहजर असतील, तर दोघी राखीव ठेवा. प्रत्येकीला मेडिसिन आणि सर्जिकलसारखे दोन मिळतेजुळते वॉर्ड तिथेच ड्यूटी लावून शिकवा. क्रॅश कार्ट कुठे आहे हे तिला विचारावं लागता कामा नये. आयसीयूची राखीव मात्र वेगळी. राखीव पाळी ड्यूटी लिस्टमध्ये पाळी म्हणूनच लिहा, नाहीतर तिची साप्ताहिक सुट्टी त्यात जाते. नावापुढे मागची पाळी सुटल्याची वेळही लिहा: रात्री नऊला सुटली आणि विश्रांतीचा नियम बारा तासांचा, तर सकाळी नऊपर्यंत तिला फोन नाही.