रेफरल लेटरची पहिली ओळ: तज्ज्ञाला नेमकं काय विचारायचं आहे?

स्पेशालिस्टकडे पेशंट पाठवताना सोबत जी चिठ्ठी दिली जाते, ती पुष्कळदा अशी असते:

"सदर रुग्णास मधुमेह व उच्च रक्तदाब असून पाच महिन्यांपूर्वी हार्ट अटॅकनंतर अँजिओप्लास्टी झाली आहे. गेल्या काही आठवड्यांपासून अशक्तपणा आहे व चालताना दम लागतो. हिमोग्लोबिन कमी आहे. कृपया तपासून योग्य तो सल्ला द्यावा."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण ही चिठ्ठी हातात आल्यावर पोटविकारतज्ज्ञाला आधी हाच उलगडा करावा लागतो की हा पेशंट आपल्याकडे का आलाय. दम लागतोय म्हटल्यावर तो हृदयाचा वाटतो. हिमोग्लोबिन कमी म्हणजे किती, आणि ते लोह कमी पडल्यामुळे की मूत्रपिंडामुळे, हे कुठेच नाही. मग रक्ताच्या तपासण्या नव्याने होतात, रिपोर्ट घेऊन पुन्हा या असं सांगितलं जातं आणि पहिली भेट त्यातच संपते. जिथे अपॉइंटमेंट देण्याआधी चिठ्ठ्या वाचून कोणाला लवकर बोलवायचं ते ठरवतात, तिथे तर परिस्थिती आणखी वाईट. वाचणारा वरच्या दोन ओळी बघतो, त्याला "अशक्तपणा" दिसतो आणि चिठ्ठी साध्या रांगेत जाते.

हाच पेशंट धरून, चिठ्ठी पहिल्या ओळीपासून कशी लिहायची ते पाहू.

१. कागद पुढे ओढण्याआधी प्रश्न ठरवा

स्वतःला एवढंच विचारायचं: तज्ज्ञाचं कोणतं उत्तर आलं, की मला पुढे काय करायचं ते कळेल?

पेशंट ६१ वर्षांचे पुरुष आहेत. हिमोग्लोबिन ९.१. अकरा महिन्यांपूर्वी तेच १३.४ होतं. लाल पेशींचा आकार सांगणारा एमसीव्ही ७०, म्हणजे पेशी लहान झाल्यात. फेरिटिन ७. फेरिटिन १५ च्या खाली गेलं की शरीरातला लोहाचा साठा संपलाय यात शंका उरत नाही. म्हणजे "ॲनिमिया कशाचा?" हा प्रश्न तज्ज्ञाला विचारायची गरजच नाही, त्याचं उत्तर आपल्याकडे आहे. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: लोह जातंय कुठे? या वयाच्या पुरुषात लोह कमी झालं, की पचनमार्गातून रक्त झिरपतंय असं धरून शोध घ्यावा लागतो. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ महिनोन्‌महिने थोडं थोडं रक्त घालवते आणि शौचात डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्यामुळे वरून एंडोस्कोपी आणि खालून कोलोनोस्कोपी, दोन्ही हव्यात.

इथे एक अडचण आहे. पाच महिन्यांपूर्वी स्टेंट बसलाय आणि ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल चालू आहे. हार्ट अटॅकनंतर ही जोडी साधारण वर्षभर देतात. ती मध्येच बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. म्हणून प्रश्नाला दुसरा भाग जोडावा लागतो: गोळ्या न थांबवता तपासणी होईल का?

प्रश्न सापडला. चिठ्ठीचं अवघड काम इथेच संपतं.

कधी कधी खरोखरच काही सुचत नाही, निदानच लागत नाही. तेही प्रश्न म्हणून लिहिता येतं: "तीन आठवडे ताप, खालील तपासण्यांत कारण सापडलेलं नाही, पुढे कोणती तपासणी करावी?" यातून तज्ज्ञाला निदान कळत नाही, पण आपण कुठपर्यंत आलो ते कळतं. "ताप आहे, कृपया पाहावे" यातून तेवढंही कळत नाही.

२. तो प्रश्न पहिल्या ओळीत बसवा

माझा क्रम ठरलेला असतो. वय आणि लिंग, मुख्य निष्कर्ष आकड्यासकट, निर्णय अवघड करणारी एखादी गोष्ट, मग प्रश्न, आणि किती दिवसांत उत्तर हवं ते. आपल्या पेशंटसाठी ओळ अशी होते:

"६१ वर्षांचे पुरुष, लोहाच्या कमतरतेचा नवा ॲनिमिया (हिमोग्लोबिन ९.१, फेरिटिन ७), पाच महिन्यांपूर्वी स्टेंट, ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल चालू: रक्तस्रावाचं कारण शोधण्यासाठी एंडोस्कोपी व कोलोनोस्कोपी दोन आठवड्यांत करता येईल का, आणि ती क्लोपिडोग्रेल न थांबवता होईल का?"

ओळ लांब आहे, हे मान्य. पण वाचणाऱ्याला ती एकदाच वाचावी लागते. मधुमेह आणि रक्तदाब तिच्यातून गेलेत, कारण त्यांच्यामुळे प्रश्न बदलत नाही. ते खाली औषधांच्या यादीत येतील. "सदर रुग्ण आपणाकडे पाठवीत आहे" हेही गेलंय. रुग्ण समोर बसलाय म्हणजे पाठवलाय हे उघडच आहे.

एका ओळीत जास्तीत जास्त दोन प्रश्न, तेही एकमेकांना जोडलेले. तिसरा आला की बहुतेक वेळा तो दुसऱ्याच तज्ज्ञाचा असतो. "पोट साफ करण्याचं औषध घेण्याच्या दिवशी साखरेच्या गोळ्यांचं काय करायचं?" हा प्रश्न योग्य आहे, पण त्याची जागा वर नाही.

३. निदान आधीच लिहून टाकू नका

ही चूक हुशार डॉक्टरांकडूनच जास्त होते. पेशंट ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही घेतोय, मग रक्त जठरातूनच जात असणार, असा तर्क धावतो आणि पहिली ओळ होते: "गोळ्यांमुळे जठराला अल्सर, कृपया एंडोस्कोपी करावी." तज्ज्ञ एंडोस्कोपी करतो, जठरात थोडी लाली आणि एखादा ओरखडा दिसतो. उत्तर मिळालं असं सगळ्यांनाच वाटतं. मोठं आतडं कोणी बघतच नाही. खरं तर रक्त पातळ ठेवणारी औषधं कित्येकदा आधीपासून असलेल्या गाठीलाच रक्तस्राव करायला लावतात.

म्हणून जे मोजलंय ते ठामपणे लिहा. जो अंदाज आहे तो "अंदाज" हा शब्द वापरून खाली लिहा. पहिल्या ओळीत निष्कर्ष आणि प्रश्न यांच्यामध्ये तुमचा तर्क घुसू देऊ नका.

४. खाली तेवढंच, ज्याने उत्तर बदलेल

पहिली ओळ नीट झाली की बाकीचा मजकूर जवळपास आपोआप निवडला जातो. प्रत्येक माहितीला विचारायचं: ही नसती तर तज्ज्ञाने वेगळं काही केलं असतं का?

या पेशंटच्या चिठ्ठीत मी पुढचा परिच्छेद असा लिहीन:

"तीन महिन्यांत चार किलो वजन कमी. शौचात रक्त दिसलेलं नाही. शी काळी होते, पण लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यानंतरच, त्याआधी नव्हती. फेरिटिन गोळ्या सुरू करण्यापूर्वीचं आहे. लघवीत रक्त नाही. सीलिॲक आजारासाठीची टीटीजी तपासणी निगेटिव्ह. स्टेंट औषधी लेप असलेला. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलणं झालं आहे: वर्ष पूर्ण होईपर्यंत क्लोपिडोग्रेल थांबवू नये असं त्यांचं मत."

काळ्या शीचं वाक्य वगळलं तर काय होईल ते बघा. पेशंट तज्ज्ञाला सांगणार, "शी काळी होते." तज्ज्ञ रक्तस्राव मोठा आहे असं समजून धावपळ करणार, किंवा उलट, लोहाच्या गोळ्यांचा परिणाम म्हणून खराखुरा मेलेना सोडून देणार. गोळ्या आणि रंग यांतलं आधी काय झालं, हे आपल्यालाच माहीत असतं. शिवाय कोलोनोस्कोपीच्या साधारण सात दिवस आधी लोहाच्या गोळ्या बंद कराव्या लागतात, नाहीतर आतड्यात काळा चिकट थर राहतो आणि नीट दिसत नाही. गोळ्यांचा उल्लेखच नसेल तर ही सूचना पेशंटपर्यंत पोचणार कशी?

हृदयरोगतज्ज्ञांचं मत लिहिणंही तितकंच गरजेचं. नुसतं बघणं आणि बायोप्सी घेणं यात रक्तस्रावाचा धोका कमी असल्याने ते क्लोपिडोग्रेल चालू ठेवून करता येतं. मोठा पॉलिप कापून काढायचा असेल तर धोका वाढतो. हे मत हातात असलं की तज्ज्ञ ठरवू शकतो: आता फक्त बघून घेऊ, कापायचं काही निघालं तर सर्वांशी बोलून तारीख ठरवू. ते नसेल तर तोच फोन तो करणार, किंवा "आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारून या" म्हणून पेशंटला परत पाठवणार.

त्याखाली औषधांची यादी, मात्रेसकट. ॲलर्जी असल्यास ती. रिपोर्टच्या प्रती जोडा, पण "रिपोर्ट सोबत जोडले आहेत" एवढ्यावर भागवू नका. महत्त्वाचे आकडे तारखांसह पत्रातच हवेत.

५. परत काय हवंय आणि मधल्या काळात कोण काय बघणार

शेवटी दोन-तीन वाक्यं पुरतात: "लोहाच्या गोळ्या व दर दोन आठवड्यांनी हिमोग्लोबिन मी पाहीन. तपासणीनंतर पुढचं नियोजन कळवावं. आतड्याची गाठ असू शकते, हे पेशंट व त्यांच्या पत्नीला मी सांगितलं आहे." शेवटचं वाक्य कधीच वगळू नये. ते नसेल तर तज्ज्ञाला चाचपडत बोलावं लागतं, किंवा पेशंटला ती शक्यता पहिल्यांदा एका अनोळखी माणसाकडून कळते.

६. पाठवण्यापूर्वी एक चाचणी

पहिली ओळ सोडून बाकी पत्र हाताने झाका. या पेशंटबद्दल काहीच माहीत नसलेल्या सहकाऱ्याला ती ओळ वाचायला द्या. कोणत्या विभागाकडे, किती लवकर, कशासाठी, ही तीन उत्तरं त्याला देता आली तर पत्र पाठवा. तो "म्हणजे नक्की काय हवंय?" म्हणाला, तर खालचा मजकूर वाढवू नका, ओळच पुन्हा लिहा. दुसरी खूण उशिरा मिळते, तज्ज्ञाच्या उत्तरातून. त्यात तुम्हीच पाठवलेली माहिती परत लिहून आली असेल आणि निर्णय नसेल, तर प्रश्न पोचला नव्हता असं बहुधा समजावं.

पत्र गेल्यानंतर नवा रिपोर्ट आला तर तो एकटा पाठवू नका. वर तीच प्रश्नाची ओळ नव्या आकड्यासह लिहा, म्हणजे जुनं पत्र शोधायची वेळ येत नाही. आणि हिमोग्लोबिन झपाट्याने खाली आलं, छातीत दुखायला लागलं, उभं राहताना चक्कर येऊ लागली किंवा उघड रक्त पडू लागलं, तर पत्राचा विचार सोडा. पेशंटला लगेच इमर्जन्सीत पाठवा, फोन उचला आणि पहिली ओळ तोंडाने सांगा.